संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा निरोप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, लातूर, नांदेड, बीड, जालना, कुठल्याही गावात जानेवारीत एकच दृश्य असतं. एकीकडं घरात वाण येऊन पडलेलं, दुसरीकडं किती जणी येणार याचा पत्ता नाही. फोनवर पाठवलेल्या निरोपाखाली वीस जणींनी हात जोडलेत, पण त्यातल्या कोण येणार ते देवालाच ठाऊक. मैत्रिणींना आणि शेजारणींना पाठवायच्या त्या चार ओळींबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथं घेतले आहेत. उदाहरणासाठी तारखा २०२६ च्या घेतल्या आहेत, आपापल्या वर्षाच्या पंचांगाप्रमाणं बदलून घ्या.

निरोप नेमका कसा लिहायचा? एक नमुना द्याल का?

आधी नमुनाच बघा.

"नमस्कार काकू,
मंगळवारी, २० जानेवारीला आमच्याकडं संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. संध्याकाळी ५ ते ८ मध्ये तुम्हाला जमेल तेव्हा या, दहा मिनिटं आलात तरी आनंद आहे.
घर : दत्त मंदिरामागची गल्ली, पाण्याच्या टाकीसमोर, पहिला मजला.
चहा-फराळ आहे, जेवण नाही. येताना काही आणू नका.
येणार असाल तर शनिवारपर्यंत नुसतं 'येते' लिहा, आणि सूनबाई किंवा लेकी सोबत असतील तर किती जणी तेही. त्या दिवशी जमत नसेल तर 'नंतर' लिहा, कारण सांगायची काही गरज नाही. रथसप्तमीपर्यंत, म्हणजे रविवार २५ तारखेपर्यंत, कधीही येऊन तिळगूळ घ्या. तुमचं वाण बाजूला ठेवते.
— (तुमचं नाव)"

यात शोभेचं असं काही नाही. "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला" सुद्धा नाही, कारण ते त्या आठवड्यात प्रत्येकीच्या फोनवर शंभर वेळा येऊन गेलेलं असतं. तुम्हाला हवं तर शेवटी घाला. मात्र तारखेच्या आधी कविता, फुलं आणि शुभेच्छांच्या चार ओळी घालू नका. साठीच्या पुढच्या बायका निरोपाचा वरचा भाग वाचून "संक्रांतीच्या शुभेच्छा आल्या" म्हणतात आणि पुढं जातात. तारीख खालीच राहते.

वार आणि तारीख दोन्ही लिहा. नुसतं "मंगळवारी" लिहिलं आणि निरोप तीन दिवसांनी दुसरीकडं पुढं गेला, की कुठला मंगळवार हा घोळ होतो. आणि "उद्या" हा शब्द फोनवरच्या निरोपात कधीच नको. काकूंनी तो उघडेपर्यंत तुमचा उद्या होऊन गेलेला असतो.

"संध्याकाळी पाच वाजता" एवढं पुरत नाही का? "५ ते ८" कशाला?

हळदीकुंकवाला सगळ्या एकदम येत नाहीत. त्या दिवसांत एकेक बाई तीन-चार घरांची फेरी करून येते. तुम्ही फक्त "पाच वाजता" लिहिलं, तर साडेसहाला मोकळी होणारी शिक्षिका असं समजते की आता उशीर झाला, जाऊन काय करायचं. ती येत नाही आणि सांगतही नाही. शेवटची वेळ लिहिली की तिला दार उघडं असल्याचं कळतं.

तीन तास पुरतात. कमी ठेवलेत तर गर्दी होते. दोन खोल्यांच्या घरात एकाच वेळी पंधराजणी बसल्या की नंतर आलेल्या दारातच उभ्या राहतात. जास्त ठेवलेत तर तुम्ही दिवसभर नेसलेल्या साडीत ताटकळता. आपल्याकडं त्या दिवसांत सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, मग दिवेलागण, मग स्वयंपाक. शाळा-बँकेतल्या बायका साडेपाच-सहाच्या पुढं सुटतात. घरी असणाऱ्या मात्र दिवे लागायच्या आत येऊन जायला बघतात. ५ ते ८ मध्ये या दोघींचीही सोय होते. गावाकडं तुरीची रास नाहीतर कापसाची वेचणी चालू असेल तर बाया शेतातून यायलाच सहा होतात. तिथं ६ ते ९ करा.

वेळ ठरवण्याआधी आणखी एक गोष्ट बघा, जी कुठल्याही निमंत्रणपत्रिकेत सापडायची नाही : तुमच्या आळीचा नळाचा वार. आपल्याकडं कितीतरी शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. चार-सहा दिवसांनी येतं, आणि येतं त्या दिवशी सगळी आळी मोटार, पिंप आणि बादल्यांत अडकलेली असते. नळाच्या दिवशी हळदीकुंकू ठेवलंत तर चांगल्या साडीतली एकही शेजारीण आठच्या आत दिसणार नाही. आठवडी बाजाराचा दिवसही तसाच.

उखाणे, खेळ, भजन असं काही ठेवलं असेल तर त्याची वेळ वेगळी सांगा : "हळदीकुंकू ५ ते ८, मधे ६ ला अर्धा तास खेळ आहेत." म्हणजे ज्यांना खेळ हवेत त्या सहाला येतील, ज्यांना नको त्या आधी किंवा नंतर. सगळ्यांना खेळ आवडतातच असं नाही, आणि कुंकू लावून पटकन निघायचं असलेल्या बाईला तळ्यात-मळ्यात करायला उभं करणं बरं दिसत नाही.

"नाही" कळवायला सांगितलं तरी कुणीच कळवत नाही. असं का होतं?

कारण कुंकवाला नाही म्हणू नये, हे प्रत्येकीच्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं असतं. चालता-चालता कुणी दारातून हाक मारली तरी बाई दोन मिनिटं थांबून कुंकू लावून घेते. मग तीच बाई तुम्हाला लेखी "मी येणार नाही" असं कसं कळवेल? ती हात जोडलेलं चित्र पाठवते किंवा गप्प बसते. त्यात तुसडेपणा काही नसतो. नकार लिहायला तिचा हात धजत नाही, एवढंच.

दुसरं असं की न येण्याची खरी कारणं बऱ्याचदा सांगण्यासारखी नसतात. पाळी आलेली असते, आणि तिच्या घरी ते पाळत असतील. सुतक असतं. घरात भांडण झालेलं असतं. नवीन साडी नसते. त्याच दिवशी जावेकडंही हळदीकुंकू असतं आणि तिकडं गेल्याशिवाय गत्यंतर नसतं. "का जमत नाही ते कळवा" म्हटलं की तिला खोटं बोलावं लागतं, नाहीतर नको ते सांगावं लागतं.

म्हणून वरच्या नमुन्यात उत्तरासाठी "नाही" हा शब्दच ठेवलेला नाही. दोनच उत्तरं आहेत, 'येते' आणि 'नंतर'. 'नंतर' लिहिणारी कुंकवाला नाही म्हणत नाही, फक्त त्या दिवसाला नाही म्हणते, आणि ते लिहायला कुणालाच जड जात नाही. त्यातल्या काहीजणी खरंच नंतर येतात, काही येत नाहीत. पण तुम्हाला हवं होतं ते कळलेलं असतं : मंगळवारी ती येणार नाही.

मात्र "वाण बाजूला ठेवते" लिहिलंत तर खरंच ठेवा. नंतर चार दिवसांनी ती दारात आली आणि तुम्ही "अगं बाई, संपलं की" म्हणालात, तर पुढच्या वर्षी तिच्याकडून काहीच उत्तर येणार नाही.

"यायचंच बरं का", "तुमच्याशिवाय मजा नाही" असं लिहिलं की आपुलकी वाटते ना?

तोंडी म्हटलं की वाटते. जिन्यात भेटल्यावर "यायचंच हं काकू" म्हणालात की काकू हसून "बघते गं" म्हणतात आणि विषय तिथंच सुटतो. तेच लिहून पाठवलं की ते फोनमध्ये बसून राहतं आणि उत्तर मागतं. आग्रह हा समोरासमोर करायचा प्रकार आहे, कारण समोरच्या माणसाला तो हसून टाळता येतो.

आपुलकी दाखवायची तर ती त्या बाईपुरती एक ओळ लिहून दाखवा. "मागच्या वर्षी तुम्ही म्हटलेला उखाणा अजून सगळ्याजणी आठवतात" किंवा "नातीला घेऊन या, तिच्यासाठी बोरं ठेवलीत." नमुन्याच्या वर अशी एक ओळ घातली की तो तिच्यासाठीच लिहिलेला निरोप होतो. सगळ्यांना जमणार नाही, पण ज्या पाच-सहा जणी यायला संकोचतात त्यांच्यासाठी तरी लिहा.

मैत्रिणींना अर्थात वेगळं लिहा. वर्गमैत्रिणीला "आपण अवश्य उपस्थित राहावे" पाठवलंत तर ती फोन करून हसेल. तिच्यासाठी एवढं पुष्कळ झालं : "मंगळवारी २० ला हळदीकुंकू आहे गं घरी, ५ ते ८. ऑफिसातून परस्पर ये, साडी नेसायची भानगड नको. येतेस का नंतर कधी, तेवढं शनिवारपर्यंत सांग."

गटात टाकावा की एकेकीला पाठवावा?

एकेकीला. सोसायटीच्या नाहीतर भिशीच्या गटात टाकलेलं निमंत्रण कुणाचंच नसतं. "सगळ्यांना" म्हणजे आपल्याला धरून की नाही, अशी शंका येते, विशेषतः नव्यानं राहायला आलेल्या भाडेकरणीला. शिवाय गटात पहिलीनं "येते" लिहिलं की बाकीच्या तिच्या मागं "येते, येते" लिहित सुटतात. 'नंतर' लिहायला तिथं कुणी धजत नाही.

गटात मतदान टाकून "येणार / नाही" विचारणं तर नकोच. कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. न येणारी बाई तिथं बोट लावणार नाही.

चाळीसजणींना एकेक करून पाठवायचा कंटाळा येत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा. निरोप एकदाच लिहायचा, तो प्रत्येकीला स्वतंत्र जातो आणि तिचं उत्तर फक्त तुम्हालाच येतं. पण त्यात एक मेख आहे : ज्या बाईच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही तिला तो पोचतच नाही. नव्या शेजारणी, लेकाच्या शाळेतल्या मुलांच्या आया हमखास अशा सुटतात, आणि बोलावलंच नाही म्हणून मनात धरतात. त्यांना वेगळा पाठवा. ब्रॉडकास्टमध्ये सगळ्यांना एकच संबोधन जातं, तेव्हा "काकू" काढून नुसतं "नमस्कार" ठेवा. आपल्याहून तीन वर्षांनी मोठ्या बाईला काकू म्हटल्याचा राग संक्रांत उलटली तरी जात नाही.

पत्ता किंवा वेळ चुकली तर पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत तोच निरोप दुरुस्त करता येतो. त्यानंतर लक्षात आलं तर गुपचूप दुसरा पाठवू नका. "वेळ बदलली आहे, ५ ते ८ धरा" असं पहिल्याच ओळीत लिहून पाठवा.

किती दिवस आधी कळवावं?

ते त्या वर्षी संक्रांत ते रथसप्तमी किती दिवस मिळतात यावर आहे. संक्रांत सूर्यावर चालते म्हणून १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. रथसप्तमी मात्र माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे चंद्रावर, त्यामुळं ती मागं-पुढं सरकते. २०२४ मध्ये रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, महिनाभर सवड मिळाली. २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीला. २०२६ मध्ये थेट २५ जानेवारीला, म्हणजे १४ तारखेपासून धरले तर जेमतेम बारा दिवस, आणि त्यातही मधला रविवार, १८ तारखेचा, अमावास्येचा. अमावास्येला हळदीकुंकू नको म्हणणारी घरं आपल्याकडं पुष्कळ आहेत. मग उरलेले मंगळवार, शुक्रवार आणि शेवटचा रविवार यांवर सगळ्यांची उडी पडते.

महिना मिळणाऱ्या वर्षी पाच-सहा दिवस आधी कळवलं तरी चालतं. बारा दिवसांच्या वर्षी संक्रांतीच्या आधीच दिवस ठरवा आणि भोगीपर्यंत निरोप पाठवून टाका. त्याआधी एक काम करा : ज्या दोघी-तिघींचं हळदीकुंकू दरवर्षी मोठं असतं त्यांना फोन करून त्यांची तारीख विचारा. एकाच आळीत एकाच संध्याकाळी दोघींकडं असेल तर वाईट काहीच नाही, उलट बायकांची एकच साडी, एकच फेरी होते. फक्त मग दोघींनी निरोपात ते लिहावं : "त्याच दिवशी समोरच्या वहिनींकडंही आहे, दोन्हीकडं मिळून या."

वाण किती आणायचं, हे उत्तरांवरून कसं काढायचं?

एक हिशोब मांडून बघू. समजा, तुम्ही ३८ घरी निरोप पाठवला. शनिवार रात्रीपर्यंत १९ घरांतून 'येते' आलं. सासू-सुना, लेकी धरून त्या होतात २६ जणी. सातजणींनी 'नंतर' लिहिलं. बाराजणी गप्प आहेत.

त्या बाराजणींची नावं कागदावर लिहून काढा. त्यात पाच आज्या असतील ज्यांचा फोन नातवाच्या हातात असतो. त्यांना रविवारी सकाळी फोन लावा किंवा घरी जाऊन या. धरा, त्यातल्या तिघी येते म्हणाल्या आणि दोघी नंतर. राहिल्या सात. त्यांच्या मागं लागू नका, निम्म्या येतील असं धरून चार मोजा.

म्हणजे मंगळवारी २६, अधिक ३, अधिक ४ अशा ३३ जणी. नंतर येणाऱ्यांसाठी नऊ वेगळी. एकूण ४२. वाण बाजारात डझनावर स्वस्त पडतं, तेव्हा चार डझन घ्या. वरची सहा नगं कुणाच्या सोबत आलेल्या बहिणीसाठी, माहेरवाशिणीसाठी, दूध घालायला येणाऱ्या मावशींसाठी. उत्तरं न मागता अंदाजानं आणलं असतं तर ३८ घरांचे पाच डझन तरी आणले गेले असते, आणि उरलेले प्लास्टिकचे डबे वर्षभर माळ्यावर पडून राहिले असते.

फराळाचा हिशोब मात्र फक्त ३३ चा करा. नंतर येणारीला तिळगूळ आणि चहा पुरे.

हे जमायचं तर उत्तराची मुदत आणि कार्यक्रम यांच्यात बाजाराचा एक दिवस मोकळा हवा. मुदत शनिवार, बाजार रविवार, हळदीकुंकू मंगळवार. मुदत आदल्या दिवसाची ठेवलीत तर आलेल्या उत्तरांचा काहीच उपयोग नाही.

आठवण करून द्यावी का?

एकदा, त्याच दिवशी दुपारी, आणि फक्त 'येते' म्हणालेल्यांना. "आज ५ ते ८, वाट बघते" एवढंच. 'नंतर' लिहिलेल्यांना आठवण पाठवणं म्हणजे त्यांचं उत्तर मानलंच नाही असं होतं. गप्प असलेल्यांनाही नको.

"सौ." आणि "सुवासिनींनी यावे" लिहायचं का? विधवा शेजारणीला कसं बोलवायचं?

दोन्ही शब्द गाळा. ज्यांना बोलवायचंय त्यांना नावानं बोलवताच आहात, मग हे लिहून फक्त कुणीतरी वगळली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. त्यानंतर आपल्याकडंही काही ठिकाणी सगळ्याजणींचं मिळून हळदीकुंकू होऊ लागलं आहे.

पण नुसते शब्द गाळून भागत नाही. नवरा गेलेल्या बाईला तुमचा छापील वाटणारा निरोप आला तर ती असंच समजेल की चुकून आला, यादीत नाव राहून गेलं असेल. तिच्या घरी स्वतः जा. चारचौघींत नको, तिला एकटीला गाठून विचारा : "ताई, मंगळवारी या. मला तुम्ही हव्या आहात. कुंकू लावायचं, नुसती हळद लावायची, का फक्त तिळगूळ घ्यायचा, ते तुम्ही ठरवा." ती "नको गं" म्हणाली तर एवढ्यावर थांबा. तिला वर्षानुवर्षं दारातून परत यायची सवय लागलेली असते. आमच्या माहितीतल्या एक मावशी पहिल्या वर्षी आल्याच नाहीत, दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघरात बसून राहिल्या आणि तिसऱ्या वर्षी बाहेर सतरंजीवर.

बोलावण्याआधी घरातल्या मोठ्यांशी बोलून घ्या. तुम्ही बोलावलं आणि ताट फिरताना सासूबाईंनी तिला ओलांडून पुढं नेलं, तर न बोलावणं परवडलं असतं. सासूबाई ऐकतच नसतील तर ताट त्या दिवशी तुम्ही धरा, त्यांना वाण द्यायला बसवा. हा उपाय कितीतरी घरांत चालला आहे.

मुसलमान शेजारीण, कॉलेजातली ख्रिस्ती सहकारी, यांना बोलावलं तर त्यांना अवघडल्यासारखं होईल का?

कशाचं बोलावणं आहे ते स्पष्ट सांगितलं तर होत नाही. आपल्या गावांत ईदचा शीरखुर्मा आपल्या घरी येतोच, तिळगूळ तिकडं जायला काय हरकत आहे. "भाभी, मंगळवारी संध्याकाळी तिळगूळ खायला या, ५ ते ८. बाकीच्या बायका हळदीकुंकू लावतील, तुम्ही गप्पांना या" असं म्हणा. त्या दिवशी ताट घेऊन समोर उभं राहून "लावू का?" विचारू नका. दहाजणींसमोर तिला हो किंवा नाही म्हणायला लावणं चुकीचं. वाण आणि तिळगूळ हातात द्या, पुढं चला. तिनं स्वतःहून कपाळ पुढं केलं तर लावा.

गावात सगळ्यांकडं फोन नाहीत. मग?

मग जुनी पद्धतच बरी : लेकीला किंवा पुतणीला घरोघर धाडा. "आईनं मंगळवारी दिवे लागायच्या वेळेपासून हळदीकुंकवाला बोलावलंय, जमेल तेव्हा या." तोंडी निरोपात घड्याळापेक्षा "दिवे लागायच्या वेळेला", "जेवणाच्या आधी" हे नीट लक्षात राहतं. पोरीला वही द्या. येते म्हणाली तर बरोबरची खूण, नाहीतर काहीच नाही. तिला उत्तरासाठी थांबायला सांगू नका, दारात पोर उभी असली की सगळ्याच हो म्हणतात.

बीड, धाराशिवकडच्या कितीतरी गावांत या दिवसांत ऊसतोडीला गेलेल्या बायका घरी नसतात. त्यांच्या सासूबाई एकट्या असतात. त्यांना वगळू नका. सुनेचं वाण त्यांच्याजवळ द्या.

मला बोलावणं आलंय, पण जायला जमणार नाही. काय लिहू?

"बोलावलंत, बरं वाटलं. मंगळवारी जमत नाहीये, रथसप्तमीच्या आत चक्कर मारते." एवढंच लिहा. चक्कर मारायची नसेल तर दुसरं वाक्य गाळा आणि "मंगळवारी जमत नाहीये, माझं वाण धरू नका" असं लिहा. तिचा एक नग वाचतो. ताप, पाहुणे, परीक्षा असली कारणं रचू नका. गाव लहान असतं, त्याच संध्याकाळी तुम्ही बाजारात दिसता.

आणि 'येते' लिहून ऐनवेळी जमलं नाही तर आठच्या आत एक ओळ पाठवा. नाहीतर ती बिचारी साडी नेसून, ताट झाकून तुमच्यासाठी बसून राहते.

ऐनवेळी सुतक आलं किंवा घरात कुणी आजारी पडलं, तर रद्द कसं करायचं?

पहिल्या ओळीत रद्द झाल्याचं लिहा, कारण नंतर : "मंगळवारचं हळदीकुंकू होणार नाही. घरात अडचण आली आहे." सुतकाच्या वेळी बायका लगेच "काय झालं" म्हणून फोन करतात. सगळ्यांना तेच तेच सांगायची ताकद त्या वेळी नसते. जवळच्या एका शेजारणीला सगळं सांगा आणि निरोपात "काही विचारायचं असेल तर समोरच्या वहिनींना फोन करा" असं लिहा. ब्रॉडकास्टशिवाय ज्यांना वेगळं कळवलं होतं त्या आठवणीनं मोजा. नेमक्या त्याच दारात येऊन उभ्या राहतात.

रथसप्तमी जवळ असेल आणि दुसरा दिवस मिळत नसेल तर ओढाताण करू नका. आणलेलं वाण स्टीलचं असेल तर ते चैत्रातल्या हळदीकुंकवाला चालतं.

हाच निरोप चैत्रगौरीला आणि महालक्ष्म्यांना चालेल का?

चैत्राला चालेल. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर सवड असते. 'फराळ' च्या जागी आंब्याची डाळ आणि पन्हं लिहा, आणि उन्हाळा म्हणून वेळ ६ ते ९ करा. 'नंतर' ची मुदत रथसप्तमीऐवजी अक्षय तृतीयेची होईल.

महालक्ष्म्यांना चालणार नाही. त्या दुसऱ्या दिवशी जेवतात, आणि संध्याकाळच्या हळदीकुंकवाला प्रत्येक घर आपापल्या महालक्ष्म्यांत गुंतलेलं असतं. 'नंतर' म्हणायला तिसऱ्या दिवशी विसर्जनच. तिथं उत्तर मागू नका, संख्याही विचारू नका. "आमच्याकडच्या महालक्ष्म्या बघायला या, संध्याकाळी सातपासून रात्री दहापर्यंत दार उघडं आहे" एवढं लिहा आणि ओटीचं सामान जरा जास्त ठेवा.